कार्यमूल्यमापनाच्या प्रश्नांत हॅलो, हॉर्न आणि रिसेन्सी यांची गल्लत: या चुका टाळा

नेट-सेट, एम.बी.ए. किंवा एम.कॉम.च्या मानव संसाधन व्यवस्थापनाच्या पेपरात कार्यमूल्यमापनावरचे प्रश्न सोपे मानले जातात, कारण व्याख्या बहुतेकांना पाठ असतात. गुण जातात ते प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नांत. 'चांगली छाप' हे शब्द दिसले की हॅलो इफेक्ट आणि 'नुकतेच' दिसले की रिसेन्सी इफेक्ट, अशी खूणगाठ बांधून विद्यार्थी पर्याय निवडतात आणि प्रश्न काढणाऱ्याने नेमका तोच सापळा लावलेला असतो. ओळखीचा शब्द शोधण्याऐवजी चूक कशावरून कशावर पसरली आहे, हे पाहिले पाहिजे. एकाच कर्मचाऱ्याच्या एका गुणावरून त्याच्याच इतर गुणांवर पसरली असेल, तर छाप चांगली असताना तो हॅलो आणि वाईट असताना हॉर्न. सगळ्या कर्मचाऱ्यांवर सारखीच पसरली असेल, म्हणजे सगळ्यांनाच जास्त, कमी किंवा मधले गुण मिळाले असतील, तर अनुक्रमे उदारता, कठोरता किंवा मध्यवर्ती कल. वर्षातल्या शेवटच्या काळावरून उरलेल्या वर्षावर पसरली असेल, तर रिसेन्सी आणि सुरुवातीच्या काळावरून पसरली असेल, तर तिच्या उलट प्रायमसी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका पतसंस्थेच्या शाखाधिकाऱ्याने चार लिपिकांना पाचपैकी पुढीलप्रमाणे गुण दिले आहेत.

| लिपिक | अचूकता | कामाची गती | ग्राहकांशी वागणूक | वक्तशीरपणा |
|---|---|---|---|---|
| मीना | ५ | ५ | ५ | ५ |
| रमेश | २ | २ | २ | २ |
| शैला | ४ | ३ | ५ | २ |
| अनिल | ३ | ४ | २ | ४ |

हा तक्ता आडवा वाचला, की मीना आणि रमेश यांच्या ओळी सपाट दिसतात. अचूकता आणि वक्तशीरपणा हे तसे स्वतंत्र गुण आहेत, त्यामुळे चारही रकान्यांत एकच आकडा येणे संशयास्पद आहे. मात्र संशय म्हणजे पुरावा नव्हे, कारण मीना खरोखरच चारही बाबतींत उत्तम असू शकते. हजेरीपुस्तकात मीना वर्षभरात अठरा वेळा उशिरा आल्याची आणि रमेश एकदाही उशिरा न आल्याची नोंद सापडली, तर मात्र वक्तशीरपणाचे दोन्ही आकडे चुकीचे ठरतात आणि मीनाच्या बाबतीत हॅलो, तर रमेशच्या बाबतीत हॉर्न असे ठामपणे म्हणता येते. वर्णनात्मक उत्तरात बहुतेक जण 'एका गुणाचा प्रभाव इतर गुणांवर पडतो' या वाक्यावर थांबतात. तो प्रभाव ज्याची स्वतंत्र नोंद असते अशा निकषावरून उघड करता येतो, हे लिहिणारे थोडेच असतात.

आता समजा, दुसऱ्या अधिकाऱ्याने चौघांनाही सगळीकडे ३ गुण दिले. येथेही प्रत्येक ओळ सपाटच आहे आणि म्हणून अनेक जण येथेही हॅलो लिहितात. ओळी एकमेकींहून वेगळ्या नाहीत, ही बाब त्यांच्या नजरेतून सुटते. अधिकाऱ्याने माणसामाणसांत फरकच केलेला नाही, म्हणून हा मध्यवर्ती कल आहे. सगळीकडे ४ आणि ५ असते, तर उदारतेची चूक समजली असती. म्हणून आधी ओळींची आपसांत तुलना करावी आणि मगच एका ओळीच्या आत डोकवावे.

'हॅलो' हे नाव या चुकीला एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या १९२० च्या लेखामुळे रूढ झाले. सैन्यातील अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेली गुणांकने तपासताना त्यांना शरीरयष्टी, बुद्धिमत्ता, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे गुण परस्परांशी नको तितके जुळलेले आढळले. माणसाविषयीचे एकंदर मतच प्रत्येक गुणात उतरत होते, मग ते मत चांगले असो वा वाईट. वाईट बाजूला 'हॉर्न' असे वेगळे नाव पाठ्यपुस्तकांत देतात. त्यामुळे प्रतिकूल छापेच्या प्रसंगात पर्यायांमध्ये हॉर्न असेल तर तोच निवडावा. तो नसेल आणि हॅलो असेल, तर प्रश्न चुकीचा आहे असे समजून गोंधळू नये.

सर्वांत जास्त चकवणारा प्रश्न दोन चुका मिसळलेला असतो. उदाहरणार्थ: 'एप्रिल ते जानेवारी उत्तम काम केलेल्या कर्मचाऱ्याविरुद्ध फेब्रुवारीत ग्राहकाची तक्रार आली आणि मार्चमध्ये अधिकाऱ्याने त्याला वर्षभराच्या कामासाठी कमी गुण दिले.' येथे दहा महिन्यांचे काम झाकले गेले आहे, म्हणून उत्तर रिसेन्सी. हाच प्रश्न 'त्या तक्रारीमुळे अधिकाऱ्याने त्याला अचूकता, गती आणि वक्तशीरपणा या सर्व निकषांवर कमी गुण दिले' असा संपला, तर झाकले गेले ते इतर गुण, म्हणून उत्तर हॉर्न. फेब्रुवारी दोन्हीकडे आहे, पण उत्तर वाक्याच्या शेवटाने ठरते. काही प्रश्नांत दोन्ही शेवट एकत्र येतात. तो प्रश्नकर्त्याचा ढिसाळपणा असतो, आणि तेथे ज्या बाबीवर जास्त शब्द खर्च केले आहेत तिच्याकडे झुकावे. तक्रार गेल्या मूल्यमापन वर्षातली असेल, तर मात्र ती रिसेन्सी मुळीच नव्हे. जुन्या कालावधीतले मत नव्या कालावधीत झिरपत येणे याला स्पिलओव्हर म्हणतात.

पद्धतींच्या बाबतीत मोठी गल्लत नावांच्या सारखेपणामुळे होते. फोर्स्ड डिस्ट्रिब्यूशन म्हणजे सक्तीचे वितरण, यात अधिकाऱ्याला कर्मचारी ठरावीक टक्केवारीच्या गटांत वाटावे लागतात. फोर्स्ड चॉइस म्हणजे सक्तीची निवड, यात विधानांच्या संचातून कर्मचाऱ्याला सर्वाधिक लागू पडणारे विधान निवडायचे असते आणि कोणत्या विधानाला किती भार आहे हे अधिकाऱ्याला माहीत नसते. पहिल्यात माणसे वाटली जातात, दुसऱ्यात विधाने निवडली जातात.

मूल्यमापनातल्या चुकांवरच्या उपायाचा प्रश्न येतो आणि तेथे 'सक्तीच्या वितरणाने सर्व पूर्वग्रह दूर होतात' हे विधान बरोबर ठरवले जाते. सक्तीच्या वितरणामुळे उदारता, कठोरता आणि मध्यवर्ती कल यांना आळा बसतो, कारण सगळ्यांना एकाच गटात टाकण्याची सोय राहत नाही. पण हॅलोमुळे सगळीकडे ५ गुण मिळालेली मीना वरच्याच गटात जाईल आणि फेब्रुवारीतली तक्रार आठवणारा अधिकारी त्या कर्मचाऱ्याला खालच्याच गटात टाकील. शिवाय वरच्या १० टक्क्यांची अट चार जणांच्या शाखेत लावायची म्हटली, तर हिशेब माणसाच्या अर्ध्याहूनही कमी तुकड्यावर येतो. हॅलो कमी करण्यासाठी एका वेळी एकच निकष घेऊन सर्व कर्मचाऱ्यांना त्यावर गुण द्यावेत आणि मग पुढच्या निकषाकडे जावे, म्हणजे तक्ता आडवा न भरता उभा भरावा.

रिसेन्सीवरचा उपाय म्हणून क्रिटिकल इन्सिडेंट, म्हणजे ठळक घटनांची नोंद ठेवण्याची पद्धत लिहिली जाते आणि ते बरोबरच आहे. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत कामातील विशेष चांगल्या आणि विशेष वाईट वागण्याच्या प्रत्यक्ष घटना टिपल्या जातात. उत्तरात मात्र 'घटना त्या त्या वेळी, तारखेसह नोंदवल्या तर' ही अट लिहायला विसरू नये, कारण मार्चच्या शेवटी एका बैठकीत आठवून भरलेल्या नोंदवहीत फेब्रुवारी आणि मार्च यांचीच पाने गच्च भरलेली सापडतात.