भात पैदास प्रकल्पात इंटर्नशिप मागताय? पत्रातल्या या चुका टाळा

भाताच्या पैदाशीवर काम करणाऱ्या गटात मी काही वर्षं आहे आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पत्रं आमच्याकडे सतत येतात. त्यातली बरीचशी नाकारावी लागतात. विद्यार्थी कच्चा असतो असं नाही, पण पत्रात मागितलेलं काम त्या तारखांना शेतात नसतंच.

नुकतंच आलेलं एक पत्र घ्या. विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘मला १० मे ते १० जुलै सुट्टी आहे. या काळात संकर कसा करतात ते शिकून पूर सहन करणारा नवीन वाण तयार करण्याची इच्छा आहे.’ तिची तळमळ खरी होती. पण आमची पेरणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होते. १२० दिवसांचा वाण साधारण नव्वदाव्या दिवसाच्या आसपास फुलतो, म्हणजे सप्टेंबरमध्ये. भाताचा संकर फुलोऱ्यातच होतो. लोंबी पोटरीतून बाहेर आली की आदल्या संध्याकाळी दाण्याचं वरचं टोक कात्रीने छाटतात, आतले सहा परागकोश चिमट्याने काढतात आणि पिशवी बांधतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं उमलण्याच्या वेळेला नर वाणाचे पराग त्यावर झटकतात. जूनमध्ये यातलं काहीच दाखवता येत नाही, कारण तेव्हा वाफ्यात नुसती रोपं असतात.

दुसरी अडचण ‘नवीन वाण’ या शब्दांत आहे. पूर सहन करणारं सब१ जनुक चांगल्या वाणात आणायचं तर पहिला संकर, मग मूळ वाणाशी पुन्हा दोन बॅकक्रॉस आणि शेवटी स्वपरागण, अशी किमान चार पिकं लागतात. एका पिकाला चार महिने धरले तर एकही हंगाम न चुकता सोळा महिने होतात, आणि चाचण्या त्यानंतर सुरू होतात. दोन महिन्यांत वाण मागणारं पत्र वाचलं की प्रकल्प वाचलेला नाही हे लगेच कळतं.

मग तिने काय मागायला हवं होतं? तिच्या तारखांमध्ये एक महत्त्वाचं काम बसत होतं. बॅकक्रॉसच्या पहिल्या पिढीत हवं ते जनुक साधारण निम्म्याच रोपांत येतं. शंभर रोपांपैकी ती पन्नास कोणती, हे फुलोऱ्याआधी कळावं लागतं, नाहीतर चुकीच्या रोपांवर संकर होतो. त्यासाठी दोन-तीन आठवड्यांच्या रोपाचं पान घेऊन डीएनए काढायचा, पीसीआर करायचा आणि जेलवर पट्टे वाचायचे. जूनअखेर हाताला माणसं कमी पडतात ती इथेच. म्हणून मी पत्राचा मधला भाग असा लिहायला सांगितला:

‘मॅडम, आपल्या गटाच्या सब१ बॅकक्रॉस प्रकल्पाबद्दल वाचलं. माझी परीक्षा ५ मेला संपते आणि १० मे ते १० जुलै मी पूर्ण वेळ येऊ शकते. या काळात रोपं लहान असतील असा माझा अंदाज आहे, त्यामुळे पानांचे नमुने घेणं आणि मार्करने रोपं निवडणं या कामात मदत करायला आवडेल. पीसीआर मी प्रात्यक्षिकात दोनदा केलाय, डीएनए स्वतः काढलेला नाही. तारखा पुढेमागे करायच्या असतील तर १५ दिवसांची मुभा आहे.’

‘डीएनए स्वतः काढलेला नाही’ हे वाक्य तिला काढून टाकायचं होतं. मी ठेवायला लावलं. ‘सर्व तंत्रांचं ज्ञान आहे’ असं लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी पिपेट हातात दिलं जातं, आणि गोंधळ झाला तर आठवड्याभराचे नमुने वाया जातात. काय येत नाही हे माहीत असेल तर शिकवायला दोन दिवस आधीच काढता येतात.

पेरणी कधी हे ठाऊक नसेल तर अंदाज बांधून पत्रात तसं सांगा, किंवा सरळ विचारा, ‘या काळात पीक कोणत्या अवस्थेत असेल?’ कापणीनंतरचा काळ असेल तर लोंब्यांतले भरलेले आणि पोकळ दाणे मोजण्याचं काम मागा. ते कंटाळवाणं वाटतं, पण उत्पादनाची नोंद त्यावरच उभी असते.

एकच मजकूर वीस प्राध्यापकांना पाठवणं आणि मॅडमना ‘सर’ लिहिणं या चुका सगळ्यांना ठाऊक आहेत, तरी पाठवण्याआधी एकदा बघून घ्या.

उत्तर आलं नाही तर दहा दिवस थांबा. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळचा सगळा वेळ शेतात जातो आणि मेल रात्री चाळले जातात. आठवण करताना त्याच मेलखाली दोन ओळी लिहा, आणि त्यात काहीतरी नवं असू द्या: ठरलेल्या तारखा, किंवा मधल्या काळात शिकलेली एखादी पद्धत. दुसऱ्या आठवणीनंतरही उत्तर आलं नाही, तर त्याच प्रकल्पातल्या पीएच.डी. विद्यार्थ्याला विचारा. रोपांचा वाफा बहुतेक वेळा त्याच्याच हातात असतो, आणि मदतीला कोण हवंय हे त्यालाच आधी कळतं.