मागणी पत्रकात एकूण प्राप्तीचा स्तंभ लिहिताना आणि वाचताना या चुका टाळा

किंमत आणि मागणी हे दोन स्तंभ विद्यार्थी सहसा बरोबर लिहितात, पण त्यांच्या शेजारी एकूण प्राप्तीचा तिसरा स्तंभ आला की उत्तरपत्रिकेत गडबड सुरू होते. गुणाकार फारसा चुकत नाही. स्तंभाचा अर्थ चुकतो. खानदेशात सर्वांच्या ओळखीची असलेली आणि भौगोलिक मानांकन लाभलेली जळगावची भरिताची वांगी उदाहरणासाठी घेऊ. एका आठवडे बाजारातील एका दिवसाच्या मागणीचे हे काल्पनिक पत्रक आहे.

| किंमत (रुपये प्रति किलो) | मागणी (किलो) | एकूण प्राप्ती (रुपये) |
|---|---|---|
| २० | १२० | २,४०० |
| ३० | १०० | ३,००० |
| ४० | ८० | ३,२०० |
| ५० | ६० | ३,००० |
| ६० | ४० | २,४०० |

तक्ता पूर्ण झाला की खाली ‘एकूण’ अशी ओळ ओढून ४०० किलो आणि १४,००० रुपये असे लिहिण्याची सवय अनेकांना असते. दुकानाच्या बिलात ती बेरीज योग्य असते, परंतु मागणी पत्रकात तिला काहीच अर्थ नाही. या पाच ओळी म्हणजे एकामागून एक झालेल्या पाच विक्री नव्हेत. त्याच दिवशी, त्याच ग्राहकांपुढे किंमत २० रुपये असती तर काय झाले असते, ३० असती तर काय झाले असते, अशा त्या पर्यायी शक्यता आहेत आणि प्रत्यक्षात त्यांपैकी एकच घडते. बेरीज करायचीच असेल तर ती बाजार मागणी पत्रकात, एकाच किमतीला निरनिराळ्या ग्राहकांनी केलेल्या मागणीची, म्हणजे आडवी करावी.

हा मुद्दा नीट समजला नाही की पुढची आणि अधिक गंभीर चूक प्रकल्पात होते. विद्यार्थी बाजारात जाऊन दर आठवड्याचा भाव आणि विकला गेलेला माल टिपून घेतात आणि त्या नोंदींनाच मागणी पत्रक म्हणतात. समजा, एका आठवड्यात भाव ३० रुपये असताना १०० किलो वांगी खपली आणि चंपाषष्ठीच्या आठवड्यात भाव ५० रुपये असताना १४० किलो खपली. प्राप्ती ३,००० रुपयांवरून ७,००० रुपयांवर गेली, म्हणून विद्यार्थी लिहितो की वांग्यांना मागणीचा नियम लागू पडत नाही. नियमाला येथे धक्का लागलेलाच नाही. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणारी घरे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि वांगी पुन्हा खाऊ लागतात. म्हणजे ‘इतर परिस्थिती कायम असताना’ ही अटच मोडली आहे. ५० रुपयांना मूळ पत्रकात ६० किलोंची मागणी होती, ती त्याच किमतीला १४० किलो झाली. ही मागणीतील वृद्धी आहे आणि तिच्यासाठी नवे, संपूर्ण वेगळे पत्रक लागते. दोन पत्रकांतील ओळी एकाच तक्त्यात मिसळल्या की प्राप्तीच्या स्तंभावरून काढलेला कोणताही निष्कर्ष टिकत नाही. किंमत आणि खप दोन्ही एकाच दिशेने वाढलेले दिसले, तर आधी त्या आठवड्यातील सण, लग्नसराई किंवा पर्यायी भाज्यांचे भाव तपासावेत.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. किंमत वाढली म्हणजे प्राप्ती वाढणारच, असे बहुतेकांच्या मनात असते आणि म्हणून वरच्या तक्त्यात ३,२०० नंतर पुन्हा ३,००० आले की आपला गुणाकार चुकला असे वाटून विद्यार्थी बरोबर आकडा खोडतात. आकडा खोडण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याला दोन प्रश्न विचारावेत: जो माल अजूनही विकला जातो त्यावर किती जास्त मिळाले, आणि जो माल विकला गेला नाही त्यावरचे किती गेले? किंमत ३० वरून ४० झाली तेव्हा उरलेल्या ८० किलोंवर प्रत्येकी १० रुपये, म्हणजे ८०० रुपये जास्त मिळाले. मागणी २० किलोंनी घटली आणि ती २० किलो पूर्वी ३० रुपयांनी जात होती, म्हणून ६०० रुपये गेले. निव्वळ वाढ २०० रुपयांची झाली. पुढे ४० वरून ५० होताना ६० किलोंवर ६०० रुपये मिळाले, परंतु २० किलोंचे ४० रुपयांप्रमाणे ८०० रुपये गेले, म्हणून प्राप्ती २०० रुपयांनी घटली. ही पडताळणी तक्त्याशी जुळली की आकडे निर्धास्तपणे ठेवावेत.

याच ठिकाणी हुशार विद्यार्थीही अडतो, कारण लवचिकता आणि प्राप्ती यांची उत्तरे परस्परांशी विसंगत दिसतात. ४० वरून ५० ही किमतीतील वाढ २५ टक्के आहे. ८० वरून ६० ही मागणीतील घटही २५ टक्केच आहे. भागाकार १ येतो, म्हणजे मागणी एकक लवचिक ठरते आणि प्राप्ती स्थिर राहायला हवी. तक्त्यात मात्र ती २०० रुपयांनी घटलेली आहे. तक्ता बरोबर आहे. दोष असा आहे की शेकडेवारी केवळ सुरुवातीच्या आकड्यावर काढली आणि टप्पा मात्र मोठा होता. तोच टप्पा उलट, ५० वरून ४० असा मोजला तर किमतीतील घट २० टक्के आणि मागणीतील वाढ सुमारे ३३ टक्के येते, आणि लवचिकता १.६७ निघते. एकाच टप्प्याची दोन उत्तरे येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांची सरासरी पाया धरावी: २० भागिले ७० आणि १० भागिले ४५, म्हणजे सुमारे २८.६ टक्के आणि २२.२ टक्के. लवचिकता १.२९ येते, मागणी अधिक लवचिक ठरते आणि प्राप्तीतील घटीशी ती जुळते. प्रश्नात शेकडा पद्धतच मागितली असेल तर ती वापरावी, पण प्राप्ती कोणत्या दिशेने बदलली हे तक्त्यातूनच सांगावे.

टप्पे मोठे ठेवल्यानेही फसगत होते. कोणी ४० ची ओळ वगळून ३० नंतर थेट ५० लिहिले, तर दोन्हीकडे ३,००० रुपये दिसतात आणि ‘या दरम्यान प्राप्ती स्थिर आहे’ असे चुकीचे वाक्य उत्तरात येते. मधले ३,२०० रुपयांचे शिखर मग दिसतच नाही. किंमत समान अंतराने, शक्य तितक्या लहान टप्प्यांनी वाढवत न्यावी.

एककांची चूक मात्र चटकन सापडते. रावेरकडे केळीचा भाव क्विंटलवर सांगतात. १,२०० रुपये क्विंटल भावाने २० क्विंटल केळी म्हणजे २४,००० रुपये. पण मागणी २,००० किलो अशी लिहून तोच भाव गुणला की २४ लाख रुपये होतात. प्रत्येक स्तंभाच्या शीर्षकात एकक लिहिले की ही चूक सहसा होत नाही.

शेवटी, वरच्या तक्त्यात सर्वाधिक प्राप्ती ४० रुपयांना आहे, म्हणून शेतकऱ्याने तोच भाव धरावा असे उत्तरात लिहू नये. ३,२०० रुपये ही प्राप्ती आहे, नफा नव्हे. तोडणीची मजुरी, वाहतूक आणि हमाली यांचा एकही आकडा या तीन स्तंभांत नाही.