आरशातल्या सेल्फीवरून पोर्ट्रेट काढताय? या चुका टाळा

ऑर्डरवर पोर्ट्रेट काढणाऱ्यांकडे हल्ली संदर्भ म्हणून स्टुडिओतला फोटो फारसा येत नाही. येतो तो व्हॉट्सअॅपवर आलेला सेल्फी, आणि त्यातही ट्रायल रूमच्या किंवा लिफ्टच्या आरशात काढलेला. टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसली की चित्रकार सावध होतो. पण साध्या साडीतला किंवा प्लेन शर्टातला फोटो आला की काही खटकत नाही. चित्र पूर्ण होतं, फ्रेम होतं, आणि मग घरचे म्हणतात, "छान आहे, पण थोडं वेगळंच वाटतंय." बहुतेक वेळा हात चुकलेला नसतो, संदर्भच उलटा असतो.

आधी आरसा नेमकं काय करतो ते पाहू. आरसा डावं-उजवं बदलत नाही. तुमचा डावा हात आरशातही तुमच्या डाव्याच बाजूला दिसतो. गोंधळ होतो तो आपल्या अपेक्षेमुळे. समोर खरा माणूस उभा असेल तर त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, आरशातल्या माणसाचं तसं होत नाही. यातून एकच नियम लक्षात ठेवायचा: सुलट फोटोत माणसाची डावी बाजू बघणाऱ्याच्या उजवीकडे असते. आरशाच्या फोटोत ती बघणाऱ्याच्या डावीकडे जाते.

फक्त अक्षरं सुलटी करणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. टी-शर्टवर मंडळाचं नाव उलटं दिसतं, म्हणून चित्रकार कागदावर तेवढं नाव सरळ लिहितो. कुणी फोटोतला छातीचा चौकोन कापून तेवढाच फिरवतो. अक्षरं वाचता येतात आणि सगळ्यांचं समाधान होतं. पण चेहरा, भांग, तीळ, नाकाचा कल, शर्टाचा खिसा, सगळं आरशातलंच राहतं. शिवाय आता चित्रात उलटेपणाचा पुरावाही उरला नाही, त्यामुळे नंतर तपासणाऱ्यालाही चूक सापडत नाही. उलटायचा तर अख्खा फोटो आडवा उलटा, म्हणजे फ्लिप करा, एकदाच, आणि ग्रिड आखण्यापूर्वी.

कोणताही फोटो एडिटर हे करतो. आयफोनच्या फोटो अॅपमध्ये एडिटमधल्या क्रॉपच्या पडद्यावर फ्लिपचं चिन्ह असतं, जिम्पमध्ये Image > Transform > Flip Horizontally. संगणकावर इमेजमॅजिक असेल तर:

```
magick aai.jpg -auto-orient -flop aai_sulat.jpg
```

इथे `-auto-orient` उभा-आडवा फोटो आधी सरळ करून घेतं, आणि `-flop` म्हणजे आडवं उलटणं. `-flip` दिलं तर डोकं खाली जाईल. 180 अंशांत फोटो गोल फिरवणं हा वेगळाच प्रकार आहे, त्याने आरशाचा परिणाम जात नाही. आणखी एक खोच: क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये M दाबलं की चित्र उलटं दिसतं, पण ते फक्त पडद्यावर. फाइल आहे तशीच राहते, आणि प्रिंट पुन्हा उलटीच निघते.

सेल्फी म्हणजे उलटाच, असं धरून चालणं

समोरच्या कॅमेऱ्याने सेल्फी काढताना पडद्यावर आरशासारखी प्रतिमा दिसते. साठवला जाणारा फोटो मात्र सुलट की उलट, हे फोनच्या सेटिंगवर असतं. आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये Mirror Front Camera बंद असेल तर साठवलेला फोटो सुलट असतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये Save selfies as previewed अशा नावाचं बटण असतं, ते चालू असलं की उलटा फोटो साठतो. आरशात मागच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो मात्र उलटाच येतो, कारण कॅमेरा प्रामाणिकपणे आरशाचाच फोटो काढतो. त्यातही गिऱ्हाईकाने अक्षरं वाचता यावीत म्हणून आधीच फ्लिप करून पाठवलं असेल तर? तुम्ही पुन्हा फ्लिप केलं की गाडी मूळ पदावर. म्हणून मूळ फाइल मागा आणि सुधारलेल्या प्रतीच्या नावात "सुलट" लिहा.

एका ऑर्डरचा हिशेब

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी मुलीने आई-बाबांचं एकत्र पोर्ट्रेट सांगितलंय, 12 बाय 16 इंच. तिने तीन फोटो पाठवले. आईचा साडीच्या दुकानातल्या आरशातला, बाबांचा गडावरचा सेल्फी, आणि नातेवाइकांच्या लग्नात फोटोग्राफरने काढलेला दोघांचा एक. तिसऱ्यात चेहरे इतके लहान आहेत की त्यावरून चित्र काढता येणार नाही. तरी तोच सर्वांत मोलाचा, कारण तो साक्षीदार आहे: दुसऱ्या माणसाने साध्या कॅमेऱ्याने काढलेला.

आईच्या फोटोत पदर उजव्या खांद्यावर दिसतो आणि नथ उजव्या नाकपुडीत. मराठी पद्धतीत दोन्ही डावीकडे असतात, म्हणजे संशयाला जागा आहे. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. गुजराती पद्धतीचा सीधा पल्ला उजव्या खांद्यावरूनच पुढे येतो, आणि चापाची नथ कुठेही अडकवता येते. पक्का पुरावा अंगावरचाच. हनुवटीवरचा तीळ लग्नाच्या फोटोत बघणाऱ्याच्या डावीकडे आहे, आरशाच्या फोटोत उजवीकडे. फोटो उलटा आहे हे ठरलं. फ्लिप करायचा.

बाबांच्या टी-शर्टवरचं नाव सरळ वाचता येतं. डाव्या भुवईतली जुनी खूण दोन्ही फोटोंत बघणाऱ्याच्या उजवीकडेच आहे. म्हणजे हा सेल्फी सुलट, त्याला हात लावायचा नाही.

शर्ट असता तर आणखी दोन खुणा मिळाल्या असत्या. छातीचा खिसा बहुधा घालणाऱ्याच्या डावीकडे असतो. पुरुषांच्या शर्टात काजांची डावी पट्टी वर येते, म्हणजे सुलट फोटोत बघणाऱ्याच्या उजवीकडचा भाग वर दिसतो. बायकांच्या शर्टात बहुतेकदा याच्या उलट. भांगावर आणि घड्याळाच्या हातावर मात्र विसंबू नका, माणसं ते बदलतात.

अशाच वस्तूने अमेरिकेतलं एक प्रसिद्ध प्रकरण सुटलं. बिली द किड हा बंदूकबाज डावखुरा होता असं लोक वर्षानुवर्षं मानत होते, कारण त्याच्या एका टिनटाइप, म्हणजे पत्र्यावर थेट उमटवलेल्या फोटोत पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं. टिनटाइपमध्ये प्रतिमा उलटीच उमटते. त्याच्या हातातल्या विंचेस्टर 1873 रायफलची गोळ्या भरायची खिडकी उजव्या अंगाला असते, फोटोत ती डावीकडे दिसते. तिथेच भांडं फुटलं.

प्रकाश जुळावा म्हणून चेहरा फिरवणं

आता आपल्या ऑर्डरमध्ये नवी अडचण उभी राहते. मूळ फोटोत आईच्या चेहऱ्यावर डावीकडून उजेड होता, बाबांच्याही तसाच. आईचा फोटो फ्लिप केल्यावर उजेड उजवीकडून येतो. दोघं शेजारी बसलेत आणि सूर्य दोन दिशांना. इथे अनुभवी हातही मोहात पडतो: "राहू दे आईचा उलटाच, निदान उजेड जुळतोय." किंवा बाबांनाच फिरवतो. दोन्हीकडे चेहरा बिघडतो. सावली कल्पनेनं हलवता येते, हनुवटीवरचा तीळ नाही.

सरळ उपाय म्हणजे मुलीला आईचा एक नवा फोटो काढायला सांगणं. मागचा कॅमेरा, दीड ते दोन मीटर अंतर, दुप्पट झूम, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला. खिडकी फोटो काढणाऱ्याच्या डाव्या हाताला हवी, म्हणजे बाबांच्या फोटोशी उजेड जुळेल. फोटो बरा नसला तरी चालेल, सावल्या कळल्या की पुरे.

"मी अशी वाकडी दिसते का?"

फ्लिप केलेला फोटो आईला दाखवला की हा प्रश्न येणारच. कुणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. समजा नाकाचं टोक मध्यरेषेपासून 2 मिलिमीटर एका बाजूला झुकलंय. आयुष्यभर आरशात ते एकाच बाजूला पाहिलं, आता ते दुसऱ्या बाजूला 2 मिलिमीटर गेलं. डोळ्याच्या सवयीच्या जागेपासून फरक 4 मिलिमीटरचा झाला. कल तेवढाच आहे, पण तो दुप्पट खुपतो. 1977 साली मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी लोकांना त्यांचेच सुलट आणि उलट फोटो दाखवले. स्वतःला बहुतेकांनी आरशातला फोटो पसंत केला, त्यांच्या जवळच्या माणसांनी सुलट. म्हणून पसंती आईला विचारू नका, बाबांना आणि मुलीला विचारा. भिंतीवरचं चित्र पाहणारे तेच जास्त. स्वतःसाठीच पोर्ट्रेट सांगणाऱ्यालाही मी सुलटच देईन, फक्त असं वाटेल हे आधी सांगून ठेवेन.

सगळा वाकडेपणा मात्र उलटण्यातून येत नाही. हात लांब करून एका बाजूने काढलेल्या सेल्फीत कॅमेऱ्याकडचा गाल मोठा होतो आणि पलीकडचा कान दडतो. फ्लिप केल्यावर हा दोष जात नाही, नुसता बाजू बदलतो. दोन्ही कान सारखे दिसत नसतील तर जबड्याची मापं त्या फोटोवरून घेऊ नका. जवळून काढलेल्या सेल्फीत नाकही फुगतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातल्या हिशेबानुसार 5 फुटांच्या तुलनेत 12 इंचांवरून नाकाची रुंदी जवळपास 30 टक्के जास्त दिसते. या बाबतीत बदनाम आरसाच उजवा ठरतो: आरशापासून 75 सेंटीमीटरवर उभं राहून फोन चेहऱ्यालगत धरला की कॅमेऱ्याला चेहरा जवळपास दीड मीटर दूर दिसतो. उलटा असला तरी प्रमाणं बरी, म्हणून फ्लिप करून तोच वापरावा.

उरतो तो अवघड प्रकार: माणूस हयात नाही, फोटो एकच, त्यात अक्षर नाही, खिसा नाही, साक्षीदार फोटोही नाही. मग घरच्यांना विचारावंच लागतं. "तीळ डाव्या गालावर होता की उजव्या?" असं विचारलं तर कुणी स्वतःची डावी बाजू सांगतं, कुणी समोरच्याची, आणि दोघं ठामपणे परस्परविरुद्ध बोलतात. फोटो दाखवून विचारलं तर फोटोतलीच बाजू सांगतात. त्यापेक्षा घरातल्याच कुणाला तरी समोर खुर्चीवर बसवा आणि त्याच्या गालावर बोट टेकवून जागा दाखवायला सांगा. दोन माणसांना वेगवेगळं विचारा, दोघांची बोटं एकाच गालावर टेकली की ग्रिड आखायला घ्या.