दर्यासमोरच्या नाचातून वायर पुसताना

मालवणच्या किनाऱ्यावरचा एक शॉट घेऊ. नाचणारी मुलगी वाळूवर उभी आहे, गिरकी घेते आणि वर उचलली जाते. कमरेच्या दोन्ही बाजूंना हार्नेसच्या कड्या, त्यांतून वर गेलेल्या दोन वायर, मागे समुद्र आणि त्यापलीकडे सिंधुदुर्गाची तटबंदी. २४ फ्रेमच्या वेगाने तीन सेकंद, म्हणजे ७२ फ्रेम. वायर पुसायच्या आणि मागचं चित्र हलू द्यायचं नाही. मी काम न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, म्हणून नोडची नावं तिथली आहेत. पद्धत कुठेही हीच.

आधी किनाऱ्यावरचं काम. टेक संपला की मुलीला, वायरला आणि क्रेनला फ्रेमबाहेर काढा आणि कॅमेऱ्याला हात न लावता तोच शॉट रिकामा घ्या. हीच क्लीन प्लेट. लेन्स, फोकस, अ‍ॅपर्चर, व्हाइट बॅलन्स, सगळं लॉक. शॉटमध्ये पॅन असेल तर प्लेटमध्येही त्याच वेगाने पॅन करा आणि शेवटी दहाएक सेकंद कॅमेरा तसाच चालू ठेवा. हे काम जेवणानंतरवर टाकू नका. भरतीपासून ओहोटी जेमतेम सव्वासहा तासांची, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पाण्याची रेघ डोळ्यांदेखत सरकते. ओल्या वाळूचा काळा पट्टा दोन हात खाली गेला की त्या भागातली प्लेट वाया. टेकनंतर पाच मिनिटांत प्लेट, हा माझा नियम. आणि वायर पुसायला सोपी जावी म्हणून ती बारीक करा, असं वायर बांधणाऱ्या रिगरला कधीही सांगू नका. जाडी तो वजन बघून ठरवतो. पुसणं आपलं काम.

आता संगणकावर. पहिल्यांदा वायरच्या मागे काय काय आहे ते नीट बघा. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. आपला कॅमेरा पाच फुटांवर आहे आणि मुलगी उभी असताना तिची कंबर तीन फुटांवर. म्हणून सुरुवातीच्या फ्रेममध्ये वायरचा खालचा तुकडा फुटणाऱ्या लाटांवरून जातो, मग जेमतेम पस्तीस-चाळीस पिक्सेल उंचीची तटाची पट्टी लागते आणि वर नुसतं आकाश. ती उचलली गेली की पाणी आणि तट दोन्ही सुटतात, वायर फक्त आकाशावर उरते. म्हणजे एकाच वायरसाठी तीन वेगळी ठिगळं.

तट आणि आकाश यांना प्लेट चालते. प्लेटमधली एक स्वच्छ फ्रेम `FrameHold` ने थांबवा. शॉटची एक फ्रेम संदर्भ म्हणून धरा, समजा पहिली, आणि `Transform` ने प्लेट तिच्यावर हाताने बसवा. तटाचा बुरूज बुरुजावर आला पाहिजे. मग शॉटमध्येच तटावरचे दोन ठळक कोपरे `Tracker` ने पकडा, संदर्भ फ्रेम तीच द्या आणि match-move निवडा. लाटांचा फेस किंवा सुरूचा शेंडा पकडू नका. दोन्ही स्वतःच हलतात आणि तुमचं ठिगळ त्यांच्यासोबत डोलतं.

```
plate → FrameHold → Transform → Tracker → Roto → Premult → Merge (over)
```

`Roto` म्हणजे ठिगळाचा आकार कापणारा नोड. तो ट्रॅकरनंतर ठेवलाय तो मुद्दाम, कारण आकार शॉटमधल्या वायरवर काढायचा आहे, प्लेटवर नाही. वायर ताणलेली असते तोवर सरळच असते, त्यामुळे चार बिंदूंची लांब पट्टी पुरते. वायर दोन-तीन पिक्सेलची असेल तर दोन्ही बाजूंना आणखी तीन-तीन पिक्सेल ठेवा आणि कडा दोन पिक्सेल मऊ करा. कीफ्रेम पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमला द्या, मग मधल्याला, मग जिथे वायर पट्टीबाहेर डोकावेल तिथेच. मुलगी परत खाली टेकते तेव्हा वायर सैल पडून वाकते. तिथे बिंदू वाढवावे लागतात.

पाण्याचं मात्र वेगळं. पहिल्यांदा मी पाण्यावरही थांबवलेलीच प्लेट लावली होती. ज्या घरी उतरलो होतो तिथली मावशी मागून बघत होती. तिला वायरचं काही माहीत नव्हतं, पण लगेच म्हणाली, “रे मेल्या, ह्यो दर्यो मदीच कित्याक थांबलो?” पाच-सात पिक्सेलची उभी पट्टी, तिच्यात फेस गोठलेला आणि आजूबाजूला लाट पुढे सरकतेय. थांबवलेल्या चित्रात दिसत नाही. चालू केलं की नजर नेमकी तिथेच जाते. चालती प्लेट लावूनही भागत नाही, कारण तिच्यातली लाट वेगळी असते आणि फेसाची रेघ मध्येच तुटते.

उपाय साधा आहे: पाण्यासाठी प्लेट वापरूच नका. वायर उभी आहे आणि लाटा आडव्या. त्याच फ्रेमचं चित्र `Transform` ने दहा-बारा पिक्सेल बाजूला सरकवा आणि पाण्यापुरत्या वेगळ्या रोटोतून वायरवर टाका. क्षण तोच, उजेड तोच, फेसाची रेघही जवळजवळ जुळते. चित्र मात्र मुलीच्या दिशेने सरकवा, म्हणजे वायरवर तिच्यापासून दूरचं पाणी येतं, नाहीतर तिच्या पदराचा तुकडा पाण्यावर उमटतो.

आता जुळणी. ढग सरकला असेल तर प्लेट किंचित गडद असते; `Grade` मध्ये gain थोडा वाढवा. डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, व्ह्यूअरवरचा गॅमा टोकाला नेऊन बघा. आकाशातला सांधा तिथे लगेच उघडा पडतो. मग ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक थरथरणारे दाणे. थांबवलेल्या फ्रेमचा ग्रेनही थांबलेला असतो, म्हणून ठिगळ काच चिकटवल्यासारखं दिसतं. प्लेट आधी डीनॉइज करा, मग नवा ग्रेन घाला. तो लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलमध्ये वेगवेगळा जुळवा, कारण निळ्यात तो बहुतेक वेळा जास्त असतो. मूळ शॉट आणि तयार शॉट `Merge` च्या difference मध्ये टाकलात तर काळ्यावर फक्त दोन बारीक रेघा दिसायला हव्यात. आणखी काही चमकलं तर कुठेतरी रोटो गळतोय.

प्लेट कुठे हरते तेही सांगतो. वायर तिच्या हातावरून किंवा उडत्या केसांवरून जाते तिथे प्लेटमध्ये हातच नसतो. अशा आठ-दहा फ्रेम `RotoPaint` च्या क्लोन ब्रशने एकेक करून रंगवायच्या, शेजारच्या फ्रेममधला हात उसना घेऊन. केस वायरच्या पुढून गेले तर मूळ केस वेगळ्या रोटोने परत वर आणा.

हार्नेसच्या कडीला कापडाचं ठिगळ लागतं. नऊवारीच्या कमरेजवळचा, कडीच्या दोन बोटं खालचा साधा तुकडा घ्या आणि कमरेवरच्याच चुणीला ट्रॅक करून कडीवर बसवा. गिरकीत चुण्या बदलतात, म्हणून सात-आठ फ्रेमनंतर नवीन तुकडा घ्यावा लागतो. कापडाखालचा पट्ट्याचा फुगवटा ठिगळाने जात नाही. तो कपडेपटातच अर्धा लपवून घ्यावा.

शेवटी वाळूकडे बघा. दुपारच्या उन्हात वायरची सावली पडतेच, शिवाय क्रेनच्या टोकाचीही. वाळू हलत नाही, तेव्हा तिथे प्लेट पुन्हा उपयोगी पडते, फक्त मुलीची स्वतःची सावली वायरच्या सावलीबरोबर पुसली जाणार नाही एवढं रोटोत सांभाळा.