व्हीलचेअरसाठी बाथरूम: मापं कमोडपासून घ्यायला सुरुवात करा

व्हीलचेअरचं बाथरूम म्हटलं की जो तो दीड मीटरच्या गोलाबद्दल बोलू लागतो. खुर्ची जागच्या जागी फिरायला १५०० मिमी व्यासाचा मोकळा गोल हवा, हे खरंच आहे. पण तो गोल जमिनीवर आखला म्हणजे काम झालं असं समजून पुढे जो खर्च होतो, तो बहुतेक वाया जातो. माणूस बाथरूममध्ये गोल फिरायला जात नाही. त्याला खुर्चीतून कमोडवर सरकायचं असतं आणि परत यायचं असतं. हे सरकणं जमलं नाही तर बाकी सगळी मापं बरोबर असूनही ते बाथरूम त्याच्या उपयोगाचं नाही. म्हणून आखणी कमोडपासून सुरू करायची आणि दाराशी संपवायची.

आधी माणूस आणि खुर्ची मोजा

खुर्चीची पूर्ण रुंदी चाकांच्या बाहेरच्या कड्यांपर्यंत घ्या. लांबी पायपट्ट्यांसकट घ्या. गादीची उंची मात्र माणूस बसलेला असताना मोजा, कारण गादी दबते. मग विचारा: कोणत्या बाजूला सरकता? आणि अंघोळीला वेगळी चाकांची खुर्ची वापरता का, जी थेट कमोडवर नेता? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत नकाशा काढू नका. नात्यातल्या कुणी किंवा मिस्त्रीने अंदाजाने दिलेली उत्तरं चालत नाहीत, वापरणाऱ्यालाच विचारायचं.

पुढची आखणी एका उदाहरणावर करू. खोली १५०० बाय २४०० मिमी, आणि हे माप टाइलपासून टाइलपर्यंतचं. विटांपासून मोजाल तर गिलावा आणि टाइल मिळून प्रत्येक भिंतीला अडीच-तीन सेंटिमीटर तरी खातात, आणि इथे तेवढ्यानेही अडतं. खुर्ची ६४० मिमी रुंद, ११०० लांब, बसल्यावर गादी ४८० वर. माणूस स्वतः खुर्ची चालवतो, हात मजबूत आहेत, पायांत ताकद नाही, आणि त्याला उजवीकडे सरकायची सवय आहे. दार एका आखूड भिंतीत, कमोड त्याच्या समोरच्या आखूड भिंतीला.

कमोडची जागा: इथेच सगळं अडतं

दारातून पाहताना कमोड डाव्या कोपऱ्याकडे घ्या, म्हणजे खुर्ची उलटी आत लावल्यावर तो माणसाच्या उजवीकडे येतो. त्याची मध्यरेषा डाव्या भिंतीपासून ४५० मिमीवर ठेवा. यापेक्षा लांब गेलात तर भिंतीवरच्या दांडीवर हात टेकून जोर देता येत नाही, जवळ गेलात तर खांदा भिंतीला घासतो. कमोडची रुंदी साधारण ३६० धरली तर त्याची उजवी कड डाव्या भिंतीपासून ६३० वर येते आणि उजव्या भिंतीपर्यंत ८७० मिमी मोकळे राहतात. ६४० ची खुर्ची त्यात सहज बसते, कड्यांवर बोटं ठेवायलाही जागा उरते. ही ८७० ची पट्टी पवित्र माना. तिथे कचऱ्याचा डबा नको, बादली नको, रॅक नको, वॉशिंग मशीन तर नकोच.

आता तो भाग, ज्याने मला सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं. रुंदी बरोबर, उंची बरोबर, दांड्या जागेवर, तरी माणूस म्हणतो, ‘जमत नाही, मध्ये खड्डा वाटतो.’ त्याचं कारण बाजूला नाही, मागे असतं.

खुर्ची उलटी नेऊन मागच्या भिंतीला टेकवली तरी तिची गादी भिंतीपर्यंत पोचत नाही. मोठी चाकं पाठीच्या मागे बाहेर आलेली असतात. नेहमीच्या घडीच्या खुर्चीत गादीची मागची कड भिंतीपासून २५० ते ३०० मिमी पुढे राहते. म्हणजे आपल्या उदाहरणात गादी भिंतीपासून सुमारे २८० वर सुरू होते आणि ७०० वर संपते. भिंतीला टांगलेला नेहमीचा कमोड मात्र भिंतीपासून जेमतेम ५३० मिमी पुढे येतो, त्याची सीट ८० ते ५३० च्या दरम्यान असते. दोन्ही बैठका शेजारी दिसतात, पण त्यांत वीस सेंटिमीटरची तफावत असते. माणसाला एकाच हालचालीत बाजूला आणि मागे जावं लागतं, तेही फक्त हातांच्या जोरावर. मागे जाताना मांडी सीटच्या कडेवर घासते. पायांना संवेदना नसेल तर हे घासणं कळतही नाही आणि जखम होते.

उपाय सरळ आहे: कमोडचं पुढचं टोक मागच्या भिंतीपासून ७५० मिमीवर आणा. ब्रिटनच्या नियमांत सार्वजनिक शौचालयासाठी हेच माप आहे. मग सीट ३०० ते ७५० मध्ये येते आणि गादीच्या अगदी शेजारी बसते. लांब कमोड मिळाला तर उत्तम. नाहीतर कमोडच्या मागे २२० मिमी खोलीचा बांधीव खोका करा, फ्लशची टाकी त्यातच लपते आणि पाठ टेकायलाही आधार होतो.

पण हा खोका कमोडइतकाच रुंद ठेवायचा, हे मिस्त्रीला चार वेळा सांगा आणि काम चालू असताना जाऊन बघा. दिसायला नीट म्हणून तो भिंतभर ओढला जातो. तसं झालं की खुर्चीही तेवढीच पुढे येते, तफावत जिथल्या तिथे राहते आणि वर खोलीची लांबी गेली ती गेलीच. फ्लशचं बटण खोक्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीमागे देऊ नका. मोकळ्या बाजूला, खुर्चीत बसून हात पोचेल असं द्या.

हे सगळं टाइल लावण्याआधी करून बघता येतं. फरशीवर खडूने भिंतीची आणि कमोडची रेघ मारा, कमोडच्या जागी तेवढ्याच उंचीचं भक्कम बाकडं ठेवा, आणि त्या माणसाला त्याच्याच खुर्चीतून, सोबत कुणाला तरी उभं करून, सरकायला सांगा. बाकड्यावर गेल्यावर त्याला पुन्हा मागे सरकून नीट बसावं लागलं, तर कमोड अजून पुढे हवा. परत खुर्चीत येणंही करून घ्या. जाणं सोपं आणि येणं अवघड, असं पुष्कळदा होतं.

सीटची उंची

बसल्यावर दबलेल्या गादीइतकी. आपल्या उदाहरणात ४८०. सरसकट ‘उंच कमोड घ्या’ हा सल्ला चुकीचा आहे. अंघोळीची चाकांची खुर्ची कमोडवरून न्यायची असेल तर आधी तिच्या खालच्या दांडीपर्यंतची उंची मोजा. कमोड सीटसकट त्याखालून जायला हवा, आणि उंच कमोड नेमका तिथेच अडतो. अशा वेळी कमोड बुटका ठेवायचा आणि उंची त्या खुर्चीने द्यायची.

दांड्या

अमेरिकेच्या नियमात दांडी ८४० ते ९१५ मिमी उंचीवर आहे, ब्रिटनच्या नियमात ६८०. दोन्ही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या माणसांसाठी. आधार घेऊन उभं राहता येत असेल तर वरची दांडी पकडून ओढायला बरी पडते. हातांवर शरीर उचलणाऱ्याला ती निरुपयोगी आहे, कारण त्याला खाली दाबायचं असतं. सीटपासून वीस सेंटिमीटर वर दांडी असेल तर कोपर किंचित वाकलेलं राहतं आणि जोर लागतो. आपल्या माणसासाठी म्हणून डाव्या भिंतीवर ६८० ला आडवी दांडी, आणि मोकळ्या बाजूला कमोडच्या मध्यरेषेपासून ३२० मिमीवर वर उचलता येणारी दांडी. ती उचलल्यावर खुर्चीच्या मुठी तिला अडत नाहीत ना, तेही त्या बाकड्याच्या चाचणीतच बघून घ्या.

दांडी आणि भिंत यांत ३८ ते ४० मिमी फट ठेवा. जास्त ठेवली तर हात सटकून त्यात अडकतो. दांडीने किमान ११३ किलो भार पेलायला हवा. पोकळ ठोकळ्यांच्या किंवा बोर्डाच्या भिंतीत टाइलच्या आतून प्लायवूडची जाड पट्टी किंवा लोखंडी आधार आधीच बसवा आणि फोटो काढून ठेवा. टॉवेलच्या दांडीला ग्रॅब बार म्हणू नका.

फरशी

उंबरठा नको, १२ मिमीपेक्षा जास्त तर नकोच. उतार पन्नासास एक पुरे. लांबट जाळी उजव्या भिंतीच्या मधल्या भागात, शॉवरखाली घ्या. खुर्ची जिथे उभी राहते तिथे जास्त उतार दिलात तर ब्रेक लावूनही माणूस सरकताना ती ओल्या फरशीवर बाजूला ढळते.

फिरायची जागा

२४०० मधून कमोडचे ७५० गेले, १६५० उरले. रुंदी १५००. म्हणजे गोल बसतो. बेसिन डाव्या भिंतीला, दाराच्या बाजूला घ्या. कमोडला चिकटून मोठं बेसिन घेतलं तर बसलेल्याचे गुडघे त्याला लागतात. बेसिनखाली पायांसाठी ६८५ मिमी उंच मोकळी जागा असेल तर पायपट्ट्या तिथे जातात आणि गोलात अडचण येत नाही. वरची कड ८६५ च्या वर नको. खाली कपाट करू नका, गरम पाण्याचा पाइप उघडा ठेवू नका. आरशाची खालची कड जास्तीत जास्त १०१५ वर.

गोल बसतच नसेल तर दार त्या ८७० च्या पट्टीच्या समोर आणा. बाहेर फिरायला जागा असली की खुर्ची बाहेरूनच उलटी, सरळ रेषेत आत येते आणि आत फिरावंच लागत नाही. लहान खोलीत याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

दार

दुकानदार सांगतो ती रुंदी चौकटीची असते. तुम्ही मोजा दार काटकोनात उघडून, पल्ल्याच्या आतल्या बाजूपासून समोरच्या चौकटीच्या खाचेपर्यंत. भिंतीत ९०० चं भगदाड असेल तर चौकट आणि पल्ला वजा जाता हातात साधारण साडेसातशेच उरतात. मोकळी रुंदी किमान ८१५ हवी. बाहेरचा बोळ अरुंद असेल आणि आत शिरताना काटकोनात वळायचं असेल तर ९०० धरा, म्हणजे भिंतीत हजाराच्या वर. भिंत तोडता येत नसेल तर पल्ला वाटेतून पूर्ण बाजूला नेणारी ऑफसेट बिजागरी लावा, पल्ल्याच्या जाडीइतकी जागा परत मिळते.

पल्ला बाहेर उघडणारा किंवा सरकता हवा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी घ्या, आणि बाहेर उघडणाऱ्या पल्ल्याला आतून आडवी मूठ लावा, म्हणजे आत आल्यावर दार ओढून घेता येतं.