लाँड्रीचे दर: किलोवर काय घ्यायचं आणि नगावर काय

किलोचा दर सगळ्यांनाच सोयीचा वाटतो. पिशवी काट्यावर ठेवली, पावती फाडली, काम झालं. पण दुकानाचा खर्च वजनावर ठरत नाही. तो ठरतो मशीनमध्ये किती जागा गेली आणि माणसाची किती मिनिटं गेली यावर. रोजच्या साध्या कपड्यांत वजन आणि जागा यांचा मेळ बसतो, म्हणून तिथे किलो चालतो. जिथे तो बसत नाही, तिथे नगाचा दर लावावा.

आधी किलोचा दर काढा. मशीनच्या एका फेरीला लागणारं पाणी, वीज, पावडर, मजुरी आणि भाड्याचा वाटा एकत्र करा. त्याला मशीनवर लिहिलेल्या क्षमतेने भागू नका. ८ किलोच्या मशीनमध्ये प्रत्यक्षात बऱ्याचदा ५ किलोच कपडे पडतात, कारण प्रत्येक गिऱ्हाईकाचे कपडे वेगळे धुवावे लागतात. दोन आठवडे प्रत्येक फेरीचं वजन वहीत टिपा आणि जी सरासरी येईल तिने भागा. दीड किलोची पिशवीही पूर्ण फेरी खाते, तेव्हा किमान वजन ठरवून ते दरपत्रकावर ठळक लिहा. वजन कोरड्या कपड्यांचंच करा. ओलसर टॉवेल तसेच काट्यावर ठेवले तर गिऱ्हाईक पाण्याचे पैसे भरतं.

इस्त्री मात्र किलोत कधीच धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साधा सुती शर्ट २०० ते २५० ग्रॅमचा, म्हणजे किलोत चार-पाच शर्ट बसतात. एका शर्टाला ४ मिनिटं धरली तरी किलोमागे १६ ते २० मिनिटं जातात. मोठे टॉवेल किलोत दोनच बसतात आणि त्यांची घडी मिनिटाभरात होते. दोघांना एकच दर लावला, तर टॉवेलवाला शर्टवाल्याची इस्त्री फुकट करून देतो. म्हणून धुणं आणि घडी किलोवर, इस्त्री नगावर.

आता जाड कपडे. समजा एका पिशवीत ४ किलो रोजचे कपडे, २ किलोची रजई आणि अर्ध्या किलोचा लोकरी स्वेटर आहे. सगळं काट्यावर टाकलं तर साडेसहा किलो भरतात. पण रजई वजनाला हलकी असली तरी फुगते आणि अख्खा ड्रम अडवते. तिच्यासोबत दुसरं काही कोंबलं तर साबण आतपर्यंत जात नाही आणि नीट खंगाळलंही जात नाही. वाळायलाही तिला दुप्पट वेळ लागतो. बाहेरून कोरडी लागते, पण आतलं भरण ओलं राहतं आणि दोन दिवसांनी कुबट वास येतो. म्हणून मधेच काढून झटकावी लागते, आणि शिवणीच्या कोपऱ्यात बोटांनी दाबून ओल उरली आहे का ते पाहावं लागतं. तुमची नेहमीची फेरी ५ किलोची असेल आणि तिचा निम्मा खर्च धुण्याचा, निम्मा वाळवण्याचा असेल, तर रजईचं धुणं अडीच किलोइतकं आणि वाळवणं ५ किलोइतकं पडतं. म्हणजे तिचा नगाचा दर साडेसात किलोच्या दराएवढा हवा. वजनावर घेतलं असतं तर दोनच किलोचे पैसे मिळाले असते.

याची दुसरी बाजूही पाळायला हवी. पातळ चादर किंवा हलकं पांघरूण त्याच गिऱ्हाईकाच्या कपड्यांसोबत ड्रममध्ये मावत असेल, तर ते किलोतच घ्या. ‘पांघरूण’ म्हणून सरसकट नगाचा दर लावणं ही लबाडीच.

नाजूक कपड्यांत पैसे लागतात ते हाताच्या कामाचे. लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते, आणि ओला स्वेटर दांडीवर टांगला की लांबतो. म्हणून तो थंड पाण्यात दाबून धुवायचा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि आडवा पसरून वाळवायचा. या कामाची मिनिटं मोजा आणि त्यावर दर ठरवा. कपडा महागाचा आहे म्हणून दर वाढवू नका. जोखमीची काळजी असेल तर नुकसानभरपाईची मर्यादा पावतीवर आधीच छापा.

हे कपडे वजन करण्याआधीच बाजूला काढा, नाहीतर एकाच कपड्याचे पैसे किलोतही लागतात आणि नगातही. लेबल पाहा: टबाच्या चित्रावर फुली म्हणजे पाण्यात धुवायचं नाही, टबात हात म्हणजे फक्त हाताने. गडद किंवा रेशमी कपडा असेल तर आतल्या शिवणीवर ओलं पांढरं फडकं दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर तो गिऱ्हाईकाला तिथेच दाखवा, पावतीवर ‘रंग जातो’ असं लिहा आणि कपडा घ्यायचा की परत द्यायचा ते त्याच्यासमोरच ठरवा.