पुलाच्या तोंडाशी बसणारा गचका: भराव कुठे खचला हे कसे ओळखावे

पुलावर चढताना किंवा उतरताना वाहनाला जो गचका बसतो, त्याचे खापर बहुतेक वेळा पुलाच्या टोकाशी सोडलेल्या सांध्यावर, म्हणजे एक्स्पान्शन जॉइंटवर, फोडले जाते. प्रत्यक्षात जॉइंट जागच्या जागी असतो आणि त्याच्या मागचा रस्ता खाली गेलेला असतो. पुलाच्या टोकाला आधार देणाऱ्या भिंतीला अॅबटमेंट म्हणतात. तो पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर, उभा असेल तर तो खडकापर्यंत किंवा घट्ट थरापर्यंत आधार घेतो आणि काही मिलिमीटरच्या पलीकडे सहसा बसत नाही. त्याला टेकून उभारलेला पाच-सहा मीटर उंचीचा भराव मात्र मूळ जमिनीवर बसलेला असतो, आणि ती जमीन दबली की भरावही तिच्याबरोबर खाली जातो. गचका हा या दोन वर्तनांमधला फरक आहे.

पुलांच्या भरावांची तपासणी हेच माझे काम असल्याने या क्षेत्रात नव्याने आलेल्या अभियंत्यांशी माझा सतत संबंध येतो. खचलेला जोडरस्ता दाखवला की त्यांचा पहिला प्रश्न डांबराचा थर किती जाडीचा टाकायचा हा असतो. माझ्या मते त्याआधी लेव्हल घेऊन रस्त्याचा लांबीतला छेद काढावा, कारण भराव नेमका कुठे आणि कशामुळे खचला हे त्या छेदाच्या आकारावरून बऱ्याच अंशी कळते.

छेद काढताना जॉइंटपासून पहिल्या 15 मीटरपर्यंत दर मीटरला आणि त्यापुढे 50 मीटरपर्यंत दर पाच मीटरला रीडिंग घ्यावे. मध्यरेषेवर आणि दोन्ही कडांना अशा तीन ओळी असाव्यात. बेंचमार्क अॅबटमेंटवर ठेवावा, भरावावरच्या एखाद्या खांबावर नव्हे, कारण तो खांबही भरावाबरोबर खाली गेलेला असतो. रस्त्याच्या पृष्ठभागावर आधीच डांबराचे थर चढले असतील तर तेथील लेव्हल फसवी ठरते. अशा वेळी कर्बकडे पाहावे. मूळ आराखड्यात कर्ब रस्त्याच्या वर 200 मिमी असेल आणि जॉइंटपासून सहा मीटरवर तो जेमतेम 60 मिमी दिसत असेल, तर तेथे 140 मिमी डांबर आधीच ओतलेले आहे. देखभालीच्या नोंदी हरवल्या असल्या तरी कर्बवरचा हा हिशेब सहसा हाती लागतो. एकूण खचणे काढायचे असेल तर लेव्हल कर्बच्या माथ्यावर घेऊन ती मूळ आराखड्यातल्या पातळीशी ताडावी.

आता एक उदाहरण आकड्यांसह पाहू. भराव 6 मीटर उंच आहे आणि त्याचे वजन घनमीटरला 20 किलोन्यूटन आहे, म्हणजे जमिनीवर 120 किलोपास्कल भार येतो. खाली 2 मीटर वाळू, तिच्याखाली 4 मीटर मऊ चिकणमाती आणि मग पुन्हा घट्ट वाळू आहे. भूजल वरच्या वाळूच्या तळाशी आहे. भराव टाकण्यापूर्वी चिकणमातीच्या थराच्या मध्यावर सुमारे 50 किलोपास्कल परिणामी दाब, म्हणजे पाण्याचा दाब वजा जाता मातीच्या कणांवर येणारा दाब, होता, तो भरावामुळे 170 होतो. ही माती पूर्वी यापेक्षा मोठ्या भाराखाली दबलेली नाही आणि प्रयोगशाळेतल्या चाचणीतून तिचे दबण्याचे गुणोत्तर 0.15 आले आहे, असे धरू. मग एकूण खचणे S असे येते:

```
S = 0.15 × 4.0 × log10(170 / 50) = 0.32 m
```

म्हणजे भराव स्वतः कितीही उत्तम दाबला तरी तो 320 मिमी खाली जाणार. हे एका दिवसात होत नाही, कारण चिकणमातीतले पाणी बाहेर पडेल तसतशीच ती दबते. येथे वर आणि खाली दोन्हीकडे वाळू असल्याने पाण्याला जास्तीत जास्त दोन मीटर वाट कापावी लागते. असे पाणी बाहेर पडून माती दबण्याच्या, म्हणजे कन्सॉलिडेशनच्या, वेगाचा गुणांक वर्षाला 1.5 चौरस मीटर धरला तर निम्मे खचणे साधारण सहा महिन्यांत आणि नव्वद टक्के खचणे सव्वादोन वर्षांत पूर्ण होते. चिकणमातीखाली वाळूऐवजी अभेद्य थर असता तर वाट दुप्पट आणि वेळ चौपट झाला असता. म्हणूनच बोअरलॉगमध्ये, म्हणजे जमिनीत भोक पाडून केलेल्या थरांच्या नोंदीत, चिकणमातीच्या तळाशी काय लागले आहे ही ओळ कधीही डोळ्यांआड करू नये.

भराव पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी वाहतूक सुरू केली, तर 160 मिमी खचणे अजून बाकी असते. अॅबटमेंटमागच्या भरावावर टाकलेला काँक्रीटचा अप्रोच स्लॅब 6 मीटर लांब असेल, तर त्याचे एक टोक अॅबटमेंटच्या ब्रॅकेटवर स्थिर राहते आणि दुसरे भरावाबरोबर खाली जाते. त्याच्या उतारात 6000 ला 160, म्हणजे सुमारे 37 ला 1 इतका बदल होतो. वाहनाला त्रास होऊ नये म्हणून 200 ला 1 ही मर्यादा सर्वसाधारणपणे धरतात. 6 मीटरच्या स्लॅबसाठी ती फक्त 30 मिमी होते. अप्रोच स्लॅब घातला की गचक्याचा प्रश्न सुटला, ही समजूत येथेच कोलमडते. स्लॅब पायरीचा उतार करतो आणि उरलेला फरक आपल्या मागच्या टोकाशी नेऊन ठेवतो, पण खचणे कमी करण्याची ताकद त्याच्यात नाही.

याच उदाहरणात आणखी एक बारकावा आहे, आणि निदानात तो फार उपयोगी पडतो. अॅबटमेंटच्या भिंतीच्या पाठीशी भराव फक्त एका बाजूला असतो, त्यामुळे तेथे खालच्या चिकणमातीवर पूर्ण भाराच्या साधारण निम्माच भार पोहोचतो. पाच-सहा मीटर मागे गेल्यावर तो जवळजवळ पूर्ण होतो. निम्म्या भाराने हिशेब केला तर भिंतीलगत 205 मिमी आणि मागे 320 मिमी येते. मूळ जमीन दबल्याने होणारी खळगी म्हणूनच लांबट असते. तिचा तळ भिंतीपासून काही मीटर दूर असतो आणि त्यानंतर पृष्ठभाग बऱ्याच अंतरापर्यंत जवळपास सारखाच खाली गेलेला दिसतो. हे खचणे दरवर्षी मंदावत जाते, आणि पावसाळ्याशी त्याचा ठळक संबंध नसतो.

भरावच नीट दाबला गेला नसेल तर चित्र वेगळे दिसते. मोठा रोलर भिंतीला चिकटून चालवता येत नाही; चालवला तर भिंतीवर नको तेवढा आडवा दाब येतो. त्यामुळे भिंत आणि तिच्या बाजूची विंग वॉल यांच्या कोपऱ्यातली मीटर-दीड मीटर रुंदीची माती हलक्या प्लेट कॉम्पॅक्टरने पातळ थरांत दाबावी लागते. दाबल्यानंतर थराची जाडी 150 मिमीच्या आत राहिली पाहिजे. घाईच्या साइटवर नेमकी येथेच 300-400 मिमीचे थर जातात, आणि घनतेची चाचणी मात्र रोलरच्या वाटेवर मधोमध घेतली जाते. कागदावर सगळे 97 टक्के आणि कोपऱ्यात पाय रुतेल अशी माती, असे मी पाहिले आहे. एक टक्का दबली तरी 6 मीटर भरावात 60 मिमी फरक पडतो. अशा वेळी खळगी भिंतीला लागून, दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात असते, कोपऱ्यांत अधिक खोल जाते आणि पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत पाणी मुरल्यावर अचानक वाढते. अप्रोच स्लॅब असेल तर हा पट्टा त्याच्याखाली झाकला जातो आणि वरून काहीच दिसत नाही. तेव्हा विंग वॉलच्या बाजूने स्लॅबखाली डोकावावे लागते.

तिसरे कारण म्हणजे माती वाहून जाणे. जॉइंटचे सील फाटले की डेकवरचे पाणी थेट भिंतीमागे उतरते. तेथे फिल्टरचा थर नसेल किंवा पाणी निघण्यासाठी भिंतीत ठेवलेल्या वीप होलच्या तोंडाशी जाळी नसेल, तर बारीक माती पाण्याबरोबर बाहेर पडते. याची खूण भिंतीच्या पुढच्या बाजूस मिळते. वीप होलखाली गाळाचे ओघळ दिसतात आणि पायथ्याशी बारीक वाळूचा छोटा ढीग साचलेला असतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी. स्लॅबवर हातोडा मारल्यावर पोकळ आवाज आला की माती वाहून गेली असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती मला घाईची वाटते. वरच्या उदाहरणात स्लॅबचे पुढचे टोक हललेले नाही, पण त्याच्याखालची माती वाहतूक सुरू झाल्यानंतरही शंभरेक मिमी खाली जाते, म्हणजे एक कणही वाहून न जाता तेथे पोकळी तयार होते. त्यामुळे पोकळ आवाज आणि वीप होलखालचा गाळ, दोन्ही असल्याशिवाय वाहून जाण्याचे निदान करू नये.

हे झाले खचल्यानंतरचे. भराव चढत असतानाच सेटलमेंट प्लेट बसवल्या असतील तर वाहतूक केव्हा सुरू करावी हे रीडिंगच सांगतात. भरावाच्या तळाशी लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर उभा पाइप जोडतात आणि भराव वाढेल तसा पाइप वाढवत नेतात. पाइपची लांबी वाढवताना आधीची आणि नंतरची, अशी दोन्ही रीडिंग लिहिणे आवश्यक आहे, नाहीतर पुढची सगळी नोंद निरुपयोगी होते. समजा आपल्या उदाहरणात सहा, आठ, दहा आणि बारा महिन्यांनंतरची रीडिंग 156, 179, 199 आणि 216 मिमी आहेत. वाढ 23, 20, 17 अशी घटते आहे. प्रत्येक वेळी ती आधीच्या सुमारे 0.86 पट आहे. हीच घट पुढे चालू राहील असे धरले तर उरलेली बेरीज 17 × 0.86 ÷ 0.14, म्हणजे सुमारे 104 मिमी होते आणि एकूण आकडा 320 मिमीवर येतो. रीडिंगवरून अंतिम खचणे काढण्याच्या असाओका यांच्या आलेख पद्धतीचे मूळ हेच आहे. मात्र अंतरे समान हवीत आणि दरम्यान भार बदललेला नसावा.

104 मिमी बाकी असताना स्लॅब ओतणे योग्य नाही, आणि आणखी सव्वा वर्ष थांबायला कोणी तयार नसते. सुरुवातीलाच भरावावर 2 मीटर जादा माती रचली असती तर भार 160 किलोपास्कल झाला असता आणि अंतिम खचणे 374 मिमी धरले गेले असते. त्यातले 290 मिमी पूर्ण होताच जादा माती उतरवता येते, आणि तो टप्पा सव्वादोन वर्षांऐवजी सुमारे सोळा महिन्यांत येतो. चिकणमातीत उभ्या निचरा पट्ट्या घातल्या तर हे काम काही महिन्यांवर आणता येते. मात्र मऊ माती इतका भार एकदम पेलेल याची खात्री करून, गरज पडल्यास भराव टप्प्याटप्प्याने चढवावा लागतो. नाहीतर भराव घसरतो आणि बाजूला सरकणारी माती पाइलला ढकलते.

डांबराच्या थराला माझा सरसकट विरोध नाही. मूळ जमीन दबते आहे हे छेदावरून ठरले असेल, तर 160 मिमी डांबराच्या वजनाने आणखी पाच-सहा मिमीच खचणे वाढते. फक्त तो थर 200 ला 1 उताराने 32 मीटरपर्यंत मागे निवळत न्यावा लागतो. पाच मीटरचे ठिगळ मारले तर गचका केवळ मागे सरकतो. माती वाहून जात असेल तर मात्र आधी जॉइंटचे सील बदलावे, डेकवरचे पाणी बाजूला काढावे, त्यानंतर स्लॅबमध्ये छिद्रे पाडून पोकळी ग्राउटने भरावी. ग्राउट भरताना वीप होल बुजणार नाहीत यासाठी एक माणूस भिंतीच्या पुढच्या बाजूस उभा ठेवावा आणि वीप होलमधून ग्राउट दिसताच पंप थांबवावा.